नाव सरबताचे, काम मिठाचे

क्षारयुक्त पेयाची पूड म्हणजे साखर, मीठ, थोडे पोटॅशियम आणि आंबट चव यांचे कोरडे मिश्रण. पुडी फोडायची, पाण्यात ढवळायची आणि प्यायची, एवढाच तिचा वापर. उन्हात राबणाऱ्याच्या घामातून नुसते पाणी जात नाही, मीठही जाते. माणसागणिक प्रमाण बदलते, पण एक लिटर घामात साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम असते. तासन्‌तास घाम गाळून वर फक्त पाणी पीत राहिले, तर तहान भागल्यासारखी वाटते, पण प्यायलेल्या पाण्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. पाण्यात थोडे मीठ असले की ते अंगात टिकते आणि पुन्हा प्यावेसेही वाटते. थोडी साखर आतड्याला मीठ आणि पाणी शोषून घ्यायला मदत करते. ताक, कैरीचे पन्हे, मीठ घातलेले लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत ही घरातली पेये हेच काम करत आली आहेत. पुडीचा फायदा इतकाच की ती खिशात मावते, आंबत नाही आणि तिच्यातले प्रमाण ठरलेले असते.

अशी पुडी बाजारात आणताना पाककृती ठरवणे त्यामानाने सोपे असते. अवघड असते ते नाव. कारण हे पेय दोन गोष्टींच्या सीमेवर उभे असते. एका बाजूला सरबत आणि दुसऱ्या बाजूला औषधाच्या दुकानात मिळणारे ओआरएस. चव, रंग आणि पुडीचा आकार यांवरून गिऱ्हाइकाला ही सीमा कळत नाही. ती नावावरून कळते.

ओआरएस म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवे. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटलेल्या रुग्णासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेले ते मिश्रण आहे. एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असे त्याचे प्रमाण आहे. त्यात सोडियम भरपूर आणि साखर बेताची असते. खेळाडूंसाठीच्या पेयात हे उलटे होते. तिथे साधारणपणे लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम साखर असते आणि सोडियम ओआरएसच्या जवळपास चौथा हिस्सा. धडधाकट माणसाला हे पेय रुचते, कामाच्या मध्ये थोडी ताकदही देते. जुलाब झालेल्या लहान मुलाला मात्र तेच पाजले, तर जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढू शकतात. म्हणून या पेयाला औषधासारखे नाव देणे हा नुसता चवीचा किंवा शैलीचा प्रश्न उरत नाही. चुकीच्या नावामुळे चुकीच्या माणसाच्या हाती चुकीची पुडी पडू शकते.

या सीमेचा विचार पहिल्यापासून झालेला आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात मूत्रपिंडतज्ज्ञ रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी पाणी, साखर आणि मीठ यांचे पेय बनवले. पहिली चव इतकी वाईट होती की तोंडात धरवेना. केड यांच्या पत्नीच्या सूचनेवरून त्यात लिंबाचा रस घातला गेला आणि ते पिण्याजोगे झाले. हा संघ ‘गेटर्स’, म्हणजे मगरी, या नावाने ओळखला जाई. त्यामुळे पेयाच्या नावात ‘गेटर’ येणार हे ठरलेलेच होते. शेवटी काय जोडायचे एवढाच प्रश्न होता. पहिल्यांदा मदत किंवा उपचार असा अर्थ असलेले ‘एड’ विचारात होते. पण त्याने पेय औषधासारखे भासले असते आणि औषध म्हटले की ते चाचण्यांनी सिद्ध करून दाखवण्याची जबाबदारी आली असती. म्हणून उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदलले आणि लेमोनेडमधले ‘एड’ घेतले. ‘गेटोरेड’ हे नाव असे सरबताच्या कुळात गेले. स्पेलिंगच्या बदलाने एका वैद्यकीय प्रयोगशाळेतले द्रावण मैदानावरचे थंड पेय झाले.

भारतात याच्या उलट घडत गेले. अनेक वर्षे गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे नावाचा भाग म्हणून छापली जात होती. औषधाचा विश्वास आणि सरबताची चव, दोन्ही एकाच खोक्यात विकता येत होते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. आधी सूचनेच्या ओळीसह अशा नावांना परवानगी होती. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ती परवानगी मागे घेतली. त्यानंतर कोणत्याही खाद्यपदार्थाच्या किंवा पेयाच्या नावात ‘ओआरएस’ वापरता येत नाही. पुढे-मागे दुसरी अक्षरे जोडली तरीही नाही. नव्या पुडीला नाव देणाऱ्यासाठी ही पहिली लक्ष्मणरेषा आहे. दुसरी रेषा दाव्यांची आहे. खाद्यपदार्थ एखादा आजार बरा करतो किंवा टाळतो, असे सुचवायला अन्न कायदा मनाई करतो. ‘उष्माघातावर’, ‘ऊन उतरवणारे’ असे अर्थ नावातून निघत असतील, तर ते नाव जाहिरातीइतकेच अडचणीत येते. शिवाय ते खोटेही ठरते. उष्माघात झालेल्या, भान हरपलेल्या माणसाला काही पाजायचे नसते. त्याला सावलीत नेऊन अंग गार करायचे आणि दवाखान्यात पोचवायचे असते.

कायद्याने मनाई नसलेली नावेही औषधी वाटू शकतात, कारण औषधांच्या नावांना स्वतःचा एक नाद असतो. ‘हायड्रो’, ‘इलेक्ट्रो’, ‘लाइट’, ‘सॉल’, ‘झॉल’ असे तुकडे कानावर पडले की गोळ्यांची पट्टी डोळ्यांसमोर येते. मुंबईच्या एफडीसी या कंपनीची दोन उत्पादने शेजारी ठेवली की हे कळते. ‘इलेक्ट्राल’ हे तिचे ओआरएस आणि त्याच्या नावात इलेक्ट्रोलाइट हा शब्द डोकावतो. ‘एनर्झाल’ हे तिचे दमलेल्यांसाठीचे पेय आणि त्यात एनर्जी ऐकू येते. एकच कंपनी रुग्णासाठी आणि धडधाकट माणसासाठी वेगळी नावे ठेवते, हे शहाणपणाचे आहे. तरी दोन्ही नावांचा शेवट एकच आहे आणि तो शेवट औषधाच्या दुकानातला आहे.

जपानमध्ये ओत्सुका या औषध कंपनीने १९८० मध्ये ‘पोकारी स्वेट’ हे पेय आणले. त्यातल्या ‘पोकारी’ला काहीच अर्थ नाही, तो फक्त कानाला हलका आणि स्वच्छ लागावा म्हणून निवडलेला आवाज आहे. ‘स्वेट’ म्हणजे घाम. पेय कशासाठी आहे, हे त्यातून सरळ कळते. औषध कंपनीने बनवलेले पेयसुद्धा नावाने औषधाच्या कुळाबाहेर कसे नेता येते, याचे हे उदाहरण. मात्र घामाचे नाव घेऊन पेय विकणे सगळीकडे चालेलच असे नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे नाव आजही विचित्र वाटते.

महाराष्ट्राच्या खेड्यात एक तिसरी सीमा असते आणि शहरात बसून नाव शोधणाऱ्याच्या ती सहसा लक्षात येत नाही. शेतकऱ्याच्या घरात पुडीतून येणारी पूड म्हणजे केवळ सरबत नव्हे. बियाण्यावर चोळायची पावडर, पाण्यात विरघळणारी खते, बुरशीनाशके, कीटकनाशके हे सगळेही चकचकीत पुड्यांतूनच येते आणि तेही पाण्यातच ढवळायचे असते. या मालाची नावे बहुतेक एकाच साच्यातली असतात. पुढे ‘शक्ती’, ‘पॉवर’, ‘सुपर’, मागे ‘गोल्ड’ किंवा ‘प्लस’. त्यातच क्षारयुक्त पेयात वापरले जाणारे पोटॅशियम क्लोराइड म्हणजे रसायन म्हणून शेतातले म्युरेट ऑफ पोटॅशच, फक्त खाण्याच्या शुद्धतेचे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीचे सामान आणि पिण्याचे सामान एकाच बांधावर, कधी एकाच पिशवीत असते. अशा ठिकाणी ‘अमुक पॉवर गोल्ड’ हे पेयाचे नाव असणे धोक्याचे आहे. नाव असे हवे की अर्धवट ऐकले, अर्धवट वाचले तरी ते प्यायच्या वस्तूचेच वाटावे.

गिऱ्हाइके दोन तऱ्हेची असल्याने काम आणखी नाजूक होते. मैदानावरचा धावपटू किंवा कबड्डीपटू नाव बाटलीवर वाचतो, मोबाइलवर शोधतो, इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. कांदा काढणारी किंवा हळद उकडणारी मजूर बाई बहुधा नाव वाचत नाही. ती ते किराणा दुकानात मागते आणि मुकादम मोबाइलवरून पाच पुड्या सांगतो. म्हणजे एकच नाव डोळ्यांनाही सोपे हवे आणि कानालाही. जोडाक्षरे कमी, अक्षरे तीन-चार, इंग्रजीत लिहिताना एकच स्पेलिंग सुचावे आणि हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडी त्याचा भलता अर्थ होऊ नये, एवढी पथ्ये यातून निघतात. खेळाडूला नावात जोम हवा असतो आणि मजुराला गारवा. पण ‘चॅम्पियन’ किंवा ‘मैदान’ असे नाव ठेवले तर शेतातल्या माणसाला ते आपले वाटत नाही. ‘बळीराजा’ ठेवले तर धावपटूला वाटत नाही. पिणारा कोण, यावरून नाव न ठेवता प्यायल्यावर काय वाटते, यावरून ठेवले तर दोघेही त्यात येतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहता येईल. समजा, कोकणातला एक महिला बचत गट कोकम आणि लिंबाची पूड घालून असे पेय करतो आणि ते विदर्भ-मराठवाड्यात विकायचे ठरवतो. एका पुडीत २५ ग्रॅम साखर, अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त मीठ, चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड आणि आंबटपणासाठी कोकम-लिंबू. ही पुडी अर्धा लिटर पाण्यात विरघळवायची. गटाच्या बैठकीत सहा नावे पुढे येतात. हायड्रोसॉल, शक्ती गोल्ड, उन्हाळबाण, कोकमपाणी, झुळूक आणि तरतरी.

‘हायड्रोसॉल’ आणि ‘शक्ती गोल्ड’ लगेच गळतात. पहिले गोळीचे वाटते, दुसरे फवारणीचे. ‘उन्हाळबाण’ ऐकायला ठसकेबाज आहे, पण त्याच्या मागे ‘रामबाण’ उभा आहे. ऊन लागले की हा उपाय, असा त्याचा सरळ अर्थ होतो आणि तो दावा गटाला सिद्ध करता येणार नाही. ‘कोकमपाणी’ प्रामाणिक आहे, कोकणी माणसाच्या तोंडी सहज बसणारे आहे आणि औषधापासून कोसभर दूर आहे. त्याची अडचण वेगळी. ते वस्तूचे वर्णन आहे. कोणीही कोकमाच्या पाण्याला कोकमपाणी म्हणू शकतो, त्यामुळे व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ खाली त्यावर एकट्याचा हक्क मिळणे कठीण. शिवाय पुढच्या वर्षी कैरीच्या चवीची पुडी काढायची ठरली तर हेच नाव आड येईल.

उरली दोन. ‘झुळूक’ हे उन्हाळ्यासाठी देखणे नाव आहे. भर दुपारी झाडाखाली बसल्यावर जे हवे असते तेच ते. पण त्यात ‘ळ’ आहे. विदर्भाच्या शेतात मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे मजूर असतात, त्यांच्या तोंडी त्याचे ‘झुलुक’ होते. इंग्रजीत ते कसे लिहायचे, यावर तीन माणसांची तीन मते पडतात आणि त्यातले एक स्पेलिंग सिक्कीममधल्या एका पर्यटनस्थळाचे निघते. मोबाइलवर शोधणाऱ्या धावपटूला पेयाऐवजी डोंगरातला घाटरस्ता दिसेल. ‘तरतरी’त हा त्रास नाही. चार साधी अक्षरे, एकही जोडाक्षर नाही. हिंदी माणसाला ‘तर’ म्हणजे ओले, गार हा जवळचा अर्थ सुचतो. मुख्य म्हणजे मराठीत तरतरी आजाऱ्याला येत नाही. ती दमलेल्याला येते, चहाच्या कपाने येते, तोंडावर पाणी मारल्याने येते. सरबताच्या बाजूचा हा शब्द औषधाच्या बाजूला ओढूनही जात नाही. त्याची एकच बारीक अडचण अशी की चहाशी असलेल्या ओळखीमुळे या पेयातही उत्तेजक काही आहे, असे एखाद्याला वाटू शकते. ती पाकिटावरच्या वर्णनाने दूर करता येते.

तरीही बैठकीत आवडलेले नाव बाजारात टिकेल, असे धरून चालत नाही. त्याची परीक्षा बांधावर आणि दुकानात घ्यावी लागते. पहिली परीक्षा अनोळखी कानांची. पुडी न दाखवता वीस-तीस माणसांना नुसते नाव सांगायचे आणि ‘हे काय असेल?’ एवढेच विचारायचे. उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यायची. ‘सरबत’, ‘चहा’, ‘काहीतरी खाऊ’ अशी उत्तरे चालतात. ‘गोळी’, ‘टॉनिक’, ‘औषध’ हा शब्द वारंवार आला, तर नाव सोडलेले बरे. खेड्यात औषध म्हणजे फवारणीचे औषधही असते, हे लक्षात ठेवून तो शब्द कोणत्या अर्थाने आला हेही विचारायला हवे. दुसरी परीक्षा आवाजाची. ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र सुरू असताना एकाने नाव हाक मारल्यासारखे सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकलेले म्हणून दाखवायचे. तिसरी दुकानदाराची. फोनवरून मागणी द्यायची आणि त्याने वहीत काय लिहिले ते पाहायचे. चौथी आठवणीची. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना पुन्हा भेटून ‘काल काय नाव सांगितले होते?’ असे विचारायचे. निम्म्यांना आठवत नसेल, तर नाव सुंदर असूनही उपयोगाचे नाही.

यानंतर कायद्याची पायरी येते. व्यापारचिन्हांच्या वर्गवारीत सरबते आणि पेये बनवायची मिश्रणे वर्ग ३२ मध्ये येतात, औषधे वर्ग ५ मध्ये. पेयाचा अर्ज वर्ग ३२ मध्ये करायचा असला तरी शोध दोन्ही वर्गांत घ्यायला हवा, कारण एखाद्या औषधाशी नाव जुळले तर गोंधळही होतो आणि हरकतही येते. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध विनामूल्य घेता येतो. त्यात केवळ स्पेलिंगने न शोधता उच्चाराने शोधण्याची सोयही आहे आणि भारतात तीच जास्त महत्त्वाची. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योगांसाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. नोंदणी झाली की ती दहा वर्षे चालते आणि पुढे वाढवता येते.

उच्चाराला इतके महत्त्व का, हे याच व्यवसायातल्या एका खटल्याने दाखवून दिले आहे. ‘ग्लुकॉन-डी’ ही उन्हाळ्यात घरोघरी दिसणारी ग्लुकोजची पूड. डाबर कंपनीने ‘ग्लुकोज-डी’ या नावाने तशीच पूड आणली. ग्लुकोज हा सर्वांचा शब्द आहे, तो कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही, असे म्हणत खालच्या न्यायालयांनी मनाई हुकूम नाकारला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दोन्ही नावे कानाला जवळजवळ एकच लागतात आणि पाकिटाची रंगसंगतीही तशीच आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्याआधी १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादातही याच न्यायालयाने कसोटी सांगितली होती. दोन नावे शेजारी ठेवून तपासणारा वकील हा निकष नाही. ज्याला नाव अंधुकसे आठवते, जो खेड्यातून येतो आणि उच्चारावरून वस्तू मागतो, असा सामान्य माणूस हा निकष आहे. बांधावरची परीक्षा आणि न्यायालयाची परीक्षा शेवटी एकाच माणसाच्या कानावर येऊन थांबतात.

नाव ठरल्यावर पाकिटावर त्याच्याइतकेच लक्ष खालच्या ओळीला द्यावे लागते. ब्रँडचे नाव काहीही असले, तरी पदार्थ काय आहे हे साध्या शब्दांत सांगणे नियमाने बंधनकारक आहे. ‘तरतरी’च्या खाली ‘कोकम-लिंबाच्या चवीच्या पेयाची पूड’ असे ठळक आले की उत्तेजकाची शंका उरत नाही. मागच्या बाजूला पाण्याचे प्रमाण सर्वांत मोठ्या अक्षरात हवे, आणि शक्यतो चित्रासह. गोड पूड कमी पाण्यात दाट करून किंवा कोरडीच चाटून खाण्याची सवय सर्वत्र आहे. अशी दाट पूड पोटात गेली की तहान भागण्याऐवजी वाढते आणि पोट डचमळते. नाव ताजेतवाने असले की लोक पेय अधिक मोकळेपणाने पितात. तेच त्या नावाचे यश आणि तीच त्याची जोखीम. म्हणून मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे, ही ओळही तिथेच वाचता येईल अशी छापायला हवी.

पुडी घेणाऱ्यानेही एवढे पाहून घ्यावे. उन्हात काम करताना, खेळताना, दमल्यावर घोटभर प्यायला हे पेय योग्य आहे. घरात कोणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर मात्र नाव कितीही ओळखीचे असले तरी ही पुडी बाजूला ठेवावी आणि औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे ओआरएस आणावे.